‘नो-कॉस्ट’ हप्त्यांवर काढलेली तीन विमान तिकिटे: खानापूर तालुक्यातील एका प्रकरणाचा हिशेब

खानापूर तालुक्यातील एक निवृत्त प्राथमिक शिक्षक, त्यांच्या पत्नी आणि त्यांची थोरली बहीण आक्का अशा तिघांना बेळगावच्या सांबरा विमानतळावरून दिल्लीला जाऊन परत यायचे होते. मुलगा तिकडे नोकरीला असल्यामुळे तिकिटे त्यानेच फोनवरून समजावून सांगितली आणि गुरुजींनी स्वतःच्या क्रेडिट कार्डावर काढली. तीन तिकिटांची जाण्यायेण्याची एकूण रक्कम ३६,००० रुपये होत होती. पैसे भरण्याच्या पानावर सहा महिन्यांच्या ‘नो-कॉस्ट ईएमआय’चा पर्याय होता. दरमहा ६,००० रुपये आणि व्याज शून्य असे तिथे लिहिलेले होते. पेन्शनीतून सहा हजार बाजूला काढणे जमण्यासारखे असल्याने गुरुजींनी तोच पर्याय निवडला.

पाचव्या महिन्यात ते कार्डाची सगळी स्टेटमेंट घेऊन बेळगावात माझ्याकडे आले. हिशेब आणि कर-विवरणपत्रे भरून देण्याचे माझे काम असल्याने अशी कागदपत्रे माझ्याकडे येतात. पण या प्रकरणात एका साध्या व्यवहाराचे इतके वेगवेगळे पदर होते की ते सविस्तर लिहून ठेवावे असे मला वाटले. गुरुजींचा प्रश्न एकच होता. “बहिणीचं तिकीट रद्द केलं, हप्ता चार हजारांवर आला पाहिजे. मग बिल आठ हजार आठशे पासष्टचं कसं काय आलं?” त्याचे उत्तर पाचव्या बिलात नव्हते. ते तिकीट काढतानाच्या पानापासून शोधत यावे लागले.

सर्वप्रथम ‘नो-कॉस्ट’ हप्ता प्रत्यक्षात कसा बसवलेला असतो ते पाहू. बँक व्याज सोडत नाही. या कार्डावर हप्त्यांचा व्याजदर वार्षिक १६ टक्के होता आणि तो शेवटपर्यंत तसाच राहिला. व्यवहार असा होतो की, सहा महिन्यांत जितके व्याज होणार तितकी सवलत तिकीट विकणारे संकेतस्थळ सुरुवातीलाच देते आणि उरलेल्या रकमेचे कर्ज बँक देते. गुरुजींच्या बाबतीत ही सवलत १,६२२ रुपये होती. म्हणजे बँकेच्या वहीत कर्ज ३४,३७८ रुपयांचे पडले, त्यावर सहा महिन्यांचे घटत्या शिलकीवरील व्याज १,६२२ रुपये झाले आणि दोन्ही मिळून बरोबर ३६,००० रुपये, म्हणजे सहा हजारांचे सहा हप्ते झाले. ग्राहकाला तिकिटाची छापील किंमतच हप्त्यांत दिसते, म्हणून त्याला व्याज शून्य वाटते.

भारतीय रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज असे काही नसते आणि अशा योजनांत व्याजाचा भाग पुष्कळदा प्रक्रिया शुल्काच्या नावाखाली ग्राहकाकडूनच वसूल होतो. पुढे २०२२ साली क्रेडिट आणि डेबिट कार्डांविषयी जे निर्देश आले, त्यांत हप्त्यांत रूपांतर करण्यापूर्वी मुद्दल, व्याज आणि ‘नो-कॉस्ट’ करण्यासाठी दिलेली सवलत स्पष्ट दाखवणे, तसेच ते कार्डाच्या स्टेटमेंटमध्येही वेगळे दाखवणे बँकांवर बंधनकारक करण्यात आले. या प्रकरणात बँकेने ते दाखवलेही होते. स्टेटमेंटच्या दुसऱ्या पानावर मुद्दल आणि व्याज हप्त्यागणिक वेगळे छापलेले होते. गुरुजी पहिल्या पानावरचा एकूण आकडा आणि शेवटची तारीख एवढेच पाहत होते, आणि बहुतेक जण तेवढेच पाहतात.

आता छुपा खर्च कुठे होता ते पाहू. पहिला खर्च व्याजावरील जीएसटीचा होता. पतसंस्थेच्या किंवा बँकेच्या साध्या कर्जाच्या व्याजावर जीएसटी लागत नाही. क्रेडिट कार्डाच्या व्याजाला मात्र ही सूट नाही आणि त्यावर १८ टक्के कर लागतो. संकेतस्थळाने दिलेली सवलत फक्त व्याजाएवढी होती, व्याजावरच्या कराएवढी नव्हती. त्यामुळे पहिल्या हप्त्यात ४५८ रुपये व्याज, तर त्यावर ८३ रुपये कर. दुसऱ्यात ३८४ रुपये व्याज, तर ६९ रुपये कर, असे करत सहा महिन्यांत २९२ रुपये गुरुजींच्या खिशातून जाणार होते. दुसरा खर्च प्रक्रिया शुल्काचा होता. ते २९९ रुपये अधिक कर, म्हणजे ३५३ रुपये होते आणि पहिल्याच बिलात लागले. या दोन्हींचा उल्लेख पैसे भरण्याच्या पानावर अगदी खाली बारीक अक्षरांत होता, आणि तोही ‘नियमानुसार लागू’ असा, आकड्याविना. दोन्ही मिळून ६४५ रुपये झाले.

इथे कोणी म्हणेल की छत्तीस हजारांवर सहा महिन्यांसाठी ६४५ रुपये जास्त गेले तर त्यात मोठेसे काय? एवढाच खर्च असता तर मीही तसेच म्हटले असते. हा दर किती पडतो ते काढण्याची एक सोपी रीत आहे. समान मासिक हप्त्यांत पैसे सरासरी किती महिने आपल्याकडे राहतात ते पाहायचे. सहा हप्ते असतील तर पहिले सहा हजार एक महिना आणि शेवटचे सहा हजार सहा महिने वापरायला मिळतात, म्हणून सरासरी साडेतीन महिने. ६४५ रुपये म्हणजे ३६,००० च्या १.८ टक्के, ते साडेतीन महिन्यांसाठी, म्हणून वर्षाला सुमारे ६ टक्के. या दराने उसनवारी कुठे मिळते?

परंतु हा हिशेब ३६,००० रुपये ही तिकिटांची खरी किंमत आहे असे धरून केलेला आहे, आणि ती खरी किंमत नव्हती. मी मुलाला फोन करून नेमके कसे केले ते विचारले, तेव्हा त्याच्या बोलण्यात एक गोष्ट सहज येऊन गेली. सुरुवातीला त्याच कार्डावर एक कूपन लागत होते, त्यामुळे रक्कम ३४,२०० रुपये दिसत होती. ‘नो-कॉस्ट’ हप्ते निवडल्यावर कूपन निघून गेले आणि रक्कम पुन्हा ३६,००० झाली. व्याज वाचते आहे म्हटल्यावर १,८०० रुपयांच्या कूपनाचे त्याला विशेष वाटले नाही.

माझ्या मते या संपूर्ण प्रकरणाचे मर्म इथेच आहे. एकरकमी भरणाऱ्याला १,८०० रुपयांची सूट मिळते, हप्ते घेणाऱ्याला त्याऐवजी १,६२२ रुपयांची ‘व्याजाएवढी’ सवलत मिळते. आकडे जवळपास सारखे आहेत. ग्राहकाच्या हातातली एक सूट जाते आणि जवळजवळ तेवढीच रक्कम बँकेला व्याज म्हणून पोहोचते. व्याज संकेतस्थळाने भरले असे कागदोपत्री दिसले, तरी कूपन सोडून देऊन ते गुरुजींनीच भरले असे म्हणणे भाग आहे.

म्हणून हिशेब पुन्हा मांडला. ज्या दिवशी तिकिटे काढली त्या दिवशी ३४,२०० रुपये देऊन काम भागत होते. ते न देता हप्त्यांनी एकूण ३६,६४५ रुपये द्यायचे ठरले. फरक २,४४५ रुपयांचा, म्हणजे ३४,२०० च्या सव्वासात टक्क्यांना थोडा कमी. साडेतीन महिन्यांसाठी एवढा, तर वर्षाला २४ टक्क्यांहून थोडा अधिक. हप्ते मांडून काटेकोर गणित केले तरी हाच दर येतो. सहा टक्क्यांचा वाटणारा व्यवहार चोवीस टक्क्यांवर गेला तो एका कूपनामुळे. बँकेच्या व्याजदरात, करात किंवा शुल्कात एका पैशाचाही फरक पडलेला नव्हता.

आपल्या भागात गावोगावी सहकारी पतसंस्था आहेत आणि गुरुजी स्वतः एका संस्थेचे जुने सभासद आहेत. त्यांनी तिथून १४ टक्क्यांनी ३४,२०० रुपये काढून सहा महिन्यांत फेडले असते तर व्याज सुमारे १,४०० रुपये झाले असते, त्यावर जीएसटी नसता आणि कूपनही हातात राहिले असते. कागदपत्रांचा थोडा खर्च आणि एक-दोन हेलपाटे धरले तरी ते स्वस्तच पडले असते. मी हे बोललो तेव्हा गुरुजी म्हणाले, “संस्थेत कर्ज मागायला संकोच वाटतो, आणि इथं तर व्याजच नाही म्हणत होते.” त्यांचे म्हणणे मला पटण्यासारखे वाटले. व्याज नाही असे ठळक अक्षरांत लिहिलेले असताना पतसंस्थेच्या चौदा टक्क्यांशी तुलना करावी हे कोणाच्या मनात येणार?

इथपर्यंतचा खर्च कूपन गेल्याचा आणि कराचा होता. पुढचा घोटाळा तिकीट रद्द केल्यानंतर झाला.

दुसरा हप्ता भरून झाल्यावर आक्कांची तब्येत बिघडली आणि त्यांचे तिकीट रद्द करावे लागले. त्यांच्या वाट्याचे १२,००० रुपये होते. त्यांपैकी ४०० रुपये संकेतस्थळाची सुविधा फी होती, जी तिकीट रद्द झाले तरी परत मिळत नाही. उरलेल्या ११,६०० मधून विमान कंपनीने रद्द करण्याचे शुल्क म्हणून जाताना आणि येताना प्रत्येकी ३,५०० असे ७,००० रुपये कापले, संकेतस्थळाने स्वतःचे सेवाशुल्क ६०० रुपये घेतले आणि राहिले ४,०००. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमाप्रमाणे रद्द करण्याचे शुल्क मूळ भाडे आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि सरकारी कर व विमानतळ वापर शुल्क परत द्यावे लागते. तिकिटावरची विभागणी काढून मी हे पडताळले. कर आणि विमानतळ शुल्क मिळून २,३०० रुपये होते आणि परतावा त्याहून जास्त होता, त्यामुळे इथे तक्रारीला जागा नव्हती.

परंतु खात्यावर ४,००० आले नाहीत, ३,४५९ आले. राहिलेले ५४१ रुपये म्हणजे हप्त्यांसाठी दिलेल्या १,६२२ रुपयांच्या सवलतीतला आक्कांच्या तिकिटाचा तिसरा हिस्सा होता. तिकीट रद्द झाले की तेवढी सवलत संकेतस्थळ परत घेते. बँकेचे व्याज मात्र ठरल्याप्रमाणे चालूच राहते, आक्कांच्या वाट्याचे व्याजही त्यात आलेच. म्हणजे रद्द झालेल्या तिकिटापुरती ती योजना ‘नो-कॉस्ट’ राहतच नाही. न केलेल्या प्रवासाचे व्याज प्रवाशाकडून उघडपणे वसूल होते.

परतावा आला तिसऱ्या महिन्यात, आणि गुरुजींची गफलत याच वेळी झाली. परताव्याची रक्कम कार्डाच्या त्या महिन्याच्या येणे रकमेतून वळती होते. हप्त्याच्या कर्जाला ती आपोआप लागत नाही. विमानाचे तिकीट रद्द झाले हे विमान कंपनीला आणि संकेतस्थळाला माहीत असते. बँकेच्या वहीत ३४,३७८ रुपयांचे कर्ज आणि सहा हप्ते एवढेच असते. त्यामुळे तिसऱ्या बिलात ६,०५६ रुपयांच्या हप्त्यातून ३,४५९ वजा होऊन २,५९७ रुपये भरायचे आले. गुरुजींनी ते भरले आणि असा अर्थ काढला की बँकेने मागचापुढचा हिशेब करून फरक दिला असावा आणि आता दोघांच्या तिकिटांचे चार हजार लागतील. चौथे बिल ६,०४२ रुपयांचे आले. ती बँकेची चूक असेल, पुढच्या वेळी दुरुस्त होईल असे समजून त्यांनी चार हजारच भरले.

कार्डाच्या बिलात ‘किमान देय रक्कम’ म्हणून जो आकडा असतो, त्यात चालू महिन्याचा हप्ता पूर्ण धरलेला असतो. साध्या खरेदीत बिलाचा थोडा भाग भरला तरी किमान रक्कम भागते, पण हप्त्याच्या बाबतीत तसे होत नाही. २,०४२ रुपये कमी पडल्याने किमान रक्कमच थकली. देय तारखेनंतर तीन दिवस उलटले की बँकेला विलंब शुल्क लावता येते, त्याप्रमाणे ६०० रुपये अधिक कर असे ७०८ रुपये लागले, आणि थकलेल्या रकमेवर कार्डाच्या चालू दराने व्याज व कर मिळून ८७ रुपये. पाचव्या बिलात राहिलेले २,०४२, विलंब शुल्क ७०८, व्याज ८७ आणि नवा हप्ता ६,०२८ यांची बेरीज ८,८६५ येते. गुरुजींचा प्रश्न इथे सुटला. मी प्रत्येक ओळीसमोर पेन्सिलीने खूण करत बेरीज दाखवली, तेव्हा त्यांनी ती स्वतः पुन्हा करून पाहिली आणि मगच मान डोलावली.

त्यांची पुढची इच्छा कर्ज एकदाचे मिटवून टाकण्याची होती. ते करण्यापूर्वी गणित करणे आवश्यक होते, कारण हप्ते मुदतीआधी बंद करायला ही बँक शिल्लक मुद्दलाच्या तीन टक्के अधिक कर आकारते. पाचवा हप्ता बिलात आलेलाच होता, तो भरल्यावर मुद्दल ५,९२१ रुपये उरत होते. बंद करण्याचे शुल्क २१० रुपये, आणि त्यामुळे वाचणारे सहाव्या हप्त्यातील व्याज व कर ९३ रुपये. परतावा आला त्याच वेळी, तिसऱ्या हप्त्यानंतर बंद केले असते तर काय झाले असते तेही पाहिले. तेव्हा शुल्क ६२१ आणि बचत ५५४ होती. दोन्ही वेळी बंद करणे महागच पडत होते. घटत्या शिलकीच्या कर्जात व्याजाचा मोठा भाग सुरुवातीच्या हप्त्यांतच जातो, म्हणून सहा महिन्यांच्या कर्जात मधेच बाहेर पडून फारसे काही वाचत नाही. लांब मुदतीत, बारा किंवा अठरा हप्त्यांत आणि तेही पहिल्या एक-दोन महिन्यांत, उत्तर वेगळे येऊ शकते.

तीनही तिकिटे रद्द झाली असती तर मात्र लगेच बँकेला कळवून हप्ते बंद करण्याची विनंती करणे भाग होते. संपूर्ण रद्द झालेल्या खरेदीचे हप्ते काही बँका कळवल्यावर विनाशुल्क बंद करतात, पण प्रक्रिया शुल्क आणि तोपर्यंत लागलेला कर परत देत नाहीत. आणि कळवलेच नाही तर परताव्याची रक्कम एकीकडे जमा दिसते आणि हप्ता दुसरीकडे चालू राहतो.

विलंब शुल्काबाबत आम्ही बँकेच्या तक्रार विभागाला लिहिले. कार्डाची मदतवाहिनी लावल्यावर कन्नड, हिंदी आणि इंग्रजी एवढेच पर्याय होते, आणि गुरुजींना आपले म्हणणे या तिन्ही भाषांत नीट मांडता येईना, म्हणून लेखी तक्रारच बरी असे ठरवले. पत्रात राग न दाखवता तीन गोष्टी तारखांसह लिहिल्या: तिकीट केव्हा रद्द झाले, परतावा केव्हा आणि किती आला, आणि परतावा हप्त्याच्या कर्जाला लागत नाही याची सूचना स्टेटमेंटमध्ये कुठेही नव्हती. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in या पत्त्यावर जाता येते, आणि १४४४८ या क्रमांकावर मराठीतूनही माहिती मिळते, हे मी त्यांना आधीच सांगून ठेवले होते. तिथवर जावे लागले नाही. बँकेने यापूर्वी एकही बिल थकलेले नाही हे पाहून ७०८ रुपये एक वेळची बाब म्हणून परत केले. ८७ रुपये परत करायला नकार दिला. उत्तरासोबत गुरुजींनी संमती दिली त्या पानाची प्रतही जोडली होती. तीवर मुद्दल, व्याज आणि सवलत तिन्ही आकडे स्पष्ट होते. बँकेने आपल्यावरचे बंधन पाळले होते, हे मान्य करावे लागले.

कूपनाचा उल्लेख मात्र त्या पानावर कुठेच नव्हता, आणि असण्याचे कारणही नव्हते. न मिळालेली सूट हे शुल्क नाही, व्याज नाही, कर नाही. त्यामुळे ती दाखवण्याची सक्ती बँकेवरही नाही आणि या निर्देशांनुसार संकेतस्थळावरही नाही. ती पाहायची असेल तर एकच मार्ग राहतो: हप्ते निवडण्यापूर्वी त्याच कार्डावर एकरकमी भरण्याचा पर्याय उघडून, कूपन लावून, शेवटी येणारा आकडा कागदावर लिहून घ्यायचा आणि हप्त्यांच्या बेरजेशी ताडून पाहायचा.

गुरुजींचा अंतिम हिशेब असा लागला. सहा हप्ते, कर आणि प्रक्रिया शुल्क मिळून ३६,६४५; त्यात थकबाकीचे ८७ मिळवून आणि परताव्याचे ३,४५९ वजा करून ३३,२७३ रुपये. एकरकमी भरून आक्कांचे तिकीट असेच रद्द केले असते तर कूपनाचा तिसरा हिस्सा, ६०० रुपये कापून ३,४०० परत मिळाले असते आणि खर्च ३०,८०० झाला असता. फरक २,४७३ रुपयांचा. सहावा हप्ता भरल्यावर त्यांनी बँकेकडून हप्त्यांचे कर्ज पूर्ण फिटल्याचे पत्र मागवून घेतले आणि ते स्टेटमेंटांच्या गठ्ठ्याला लावले.